डिसेंबर ते जानेवारी तेरा टक्के वाढ: धंद्याची किती, हंगामाची किती?

प्रश्न: दादर पश्चिमेला आमचं छत्र्या, रेनकोट आणि दप्तरांचं दुकान आहे. डिसेंबर २०२५ ची विक्री १ लाख ३४ हजार होती, जानेवारी २०२६ ची १ लाख ५२ हजार झाली. भाऊ म्हणतो धंदा तेरा टक्क्यांनी वाढला, मला पटत नाही. २०२२ ते २०२५ चे महिनावार आकडे वहीत आहेत, खाली देतो. हंगामी निर्देशांक हाताने कसा काढायचा, आणि तो लावून खरा आकडा कसा काढायचा? पावसाळ्याचा माल किती भरायचा हेही त्यावरून सांगता येईल का?

(हजार रुपयांत)

| महिना | २०२२ | २०२३ | २०२४ | २०२५ |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | १२० | १२८ | १३६ | १४६ |
| फेब्रुवारी | ११२ | १२० | १३२ | १३८ |
| मार्च | १२८ | १३८ | १४६ | १५६ |
| एप्रिल | १६० | १७० | १८४ | १९८ |
| मे | २५० | २३० | ३०० | ४७० |
| जून | ५९० | ५६० | ६५० | ५६० |
| जुलै | ३४५ | ४५० | ३७८ | ३८० |
| ऑगस्ट | १९० | २०५ | २१४ | २३० |
| सप्टेंबर | १४६ | १५५ | १६६ | १७२ |
| ऑक्टोबर | १२६ | १३२ | १४६ | १४८ |
| नोव्हेंबर | ११२ | ११८ | १२४ | १३४ |
| डिसेंबर | ११५ | १२२ | १२६ | १३४ |

उत्तर:

तुमचं बरोबर आहे. तेरा टक्क्यांतले जवळजवळ बारा टक्के जानेवारी महिन्याचेच आहेत. ते दरवर्षी येतात आणि धंदा वाढला नाही तरी येतात. उरलेला दीड टक्का तुमचा. मात्र हा दीड टक्का नीट काढायचा तर पद्धत जरा निगुतीने वापरावी लागते, कारण छत्रीच्या दुकानात नेहमीची रीत एका ठिकाणी फसते.

आधी आकड्यांविषयी. चारही वर्षांची विक्री जीएसटी वगळून घेतलेली असावी. कराचा दर बदलला की करासकटचा आकडा हलतो आणि तो हलणं मागणीचं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलले, तेव्हा निदान त्या वर्षापुरतं तरी हे तपासा. एखाद्या शाळेने किंवा कंपनीने एकदाच मोठी ऑर्डर दिली असेल तर ती बाजूला काढून वेगळी लिहा. ती हंगाम नाही. २०२० आणि २०२१ तुम्ही घेतली नाहीत हे उत्तम केलं. टाळेबंदीच्या महिन्यांतून हंगाम वाचता येत नाही.

सोपी रीत इथे का चालत नाही

बहुतेक जण असं करतात: चार जानेवारींची सरासरी घ्यायची, तिला सगळ्या ४८ महिन्यांच्या सरासरीने भागायचं आणि शंभराने गुणायचं. तुमच्या आकड्यांवर करून पाहा. जानेवारीची सरासरी १३२.५, एकूण सरासरी २१८.५, म्हणून निर्देशांक ६०.६. डिसेंबरची सरासरी १२४.२५, निर्देशांक ५६.९.

यात खोट अशी की तुमचा धंदा वर्षाला साधारण सहा टक्क्यांनी वाढतो आहे. त्यामुळे प्रत्येक वर्षातला डिसेंबर हा त्याच वर्षातल्या जानेवारीपेक्षा अकरा महिन्यांच्या वाढीने पुढे असतो. ही वाढ सोपी रीत हंगामाच्या खात्यात टाकते. डिसेंबर आहे त्यापेक्षा चांगला महिना दिसतो आणि जानेवारी आहे त्यापेक्षा वाईट. मग हे निर्देशांक लावले की डिसेंबरचा आकडा २३५.५ येतो, जानेवारीचा २५०.८, आणि साडेसहा टक्के वाढ झाल्याचा भास होतो. वाढता धंदा असेल तर ही रीत दर जानेवारीला अशीच खोटी उडी दाखवते. म्हणून आधी वाढ बाजूला काढायची, मग हंगाम मोजायचा. त्यासाठी बारा महिन्यांची सरकती सरासरी लागते.

सरकती बेरीज वहीत कशी मांडायची

लांब पानाची वही घ्या आणि सगळे ४८ महिने एकाखाली एक लिहा, मधे एक ओळ सोडून. पहिल्या रकान्यात महिना, दुसऱ्यात विक्री.

तिसऱ्या रकान्यात बारा महिन्यांची बेरीज. जानेवारी २०२२ ते डिसेंबर २०२२ ची बेरीज २३९४. ही संख्या त्या बारा महिन्यांच्या मधोमध, म्हणजे जून आणि जुलैच्या मधल्या रिकाम्या ओळीत लिहायची. पुढची बेरीज फेब्रुवारी २०२२ ते जानेवारी २०२३ ची. ती पुन्हा पहिल्यापासून करत बसू नका. नवा महिना आत आला आणि जुना बाहेर गेला, एवढाच फरक आहे: १२८ आत, १२० बाहेर, म्हणून २३९४ मध्ये ८ मिळवा, २४०२. ती जुलै आणि ऑगस्टच्या मधल्या ओळीत. असं एकेक पाऊल खाली उतरत जा. बारा पावलांनी तुम्ही २०२३ च्या पूर्ण वर्षाच्या बेरजेवर, २५२८ वर, येऊन थांबायला हवं. पुढे २०२४ ला २७०२ आणि २०२५ ला २८६६. यांपैकी एखादी जुळली नाही तर चूक मागच्या बारा पावलांतच आहे. तिथेच शोधा, पुढे जाऊ नका. वजाबाकीची पावलं विसरणं ही इथली नेहमीची चूक. मे २०२३ ला २३० आत आले आणि २५० बाहेर गेले, म्हणजे २० कमी.

बाराच महिने का? कारण बारा महिन्यांच्या कोणत्याही सलग तुकड्यात प्रत्येक महिना एकदाच येतो. जून एकदा, फेब्रुवारी एकदा. हंगाम त्या बेरजेत आपोआप विरून जातो आणि उरते ती धंद्याची पातळी.

अडचण एवढीच की बारा ही सम संख्या, त्यामुळे बेरीज दोन महिन्यांच्या मधे पडते, कोणत्याच महिन्यासमोर येत नाही. म्हणून चौथ्या रकान्यात लागोपाठच्या दोन बेरजा मिळवा आणि २४ ने भागा. जुलै २०२२ साठी २३९४ आणि २४०२ मिळून ४७९६, भागिले २४ म्हणजे १९९.८. ही जुलै २०२२ ची पातळी. जुलैत विक्री कशीही असो, त्या सुमारास दुकान महिन्याला दोन लाखांचं होतं असा तिचा अर्थ. हे मधे आणण्याचं पाऊल गाळून एकाच बेरजेला बाराने भागलं तर पातळी अर्धा महिना सरकते. चूक लहान असते, पण दरवेळी एकाच बाजूला होते, म्हणून गाळू नये.

पाचव्या रकान्यात विक्रीचं पातळीशी प्रमाण: ३४५ × १०० ÷ १९९.८ = १७२.६. म्हणजे त्या जुलैत विक्री पातळीच्या १७२.६ टक्के झाली.

२०२२ चे पहिले सहा महिने आणि २०२५ चे शेवटचे सहा महिने यांना प्रमाण मिळत नाही, कारण त्यांच्या एका बाजूला पुरेसे महिने नाहीत. तिथे ओढूनताणून काही भरू नका. ४८ महिन्यांतून ३६ प्रमाणं मिळतात, प्रत्येक महिन्याला तीन. (जुलै ते डिसेंबरची प्रमाणं २०२२, २३ आणि २४ ची, जानेवारी ते जूनची २०२३, २४ आणि २५ ची.)

| महिना | पहिलं | दुसरं | तिसरं | सरासरी |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ६३.१ | ६०.६ | ६२.१ | ६१.९ |
| फेब्रुवारी | ५७.८ | ५९.५ | ५८.५ | ५८.६ |
| मार्च | ६६.१ | ६५.६ | ६५.८ | ६५.८ |
| एप्रिल | ८१.२ | ८२.२ | ८३.५ | ८२.३ |
| मे | १०९.६ | १३३.६ | १९७.७ | १४७.० |
| जून | २६६.२ | २८८.९ | २३४.८ | २६३.३ |
| जुलै | १७२.६ | २१३.३ | १६७.६ | १८४.५ |
| ऑगस्ट | ९४.८ | ९६.८ | ९४.६ | ९५.४ |
| सप्टेंबर | ७२.५ | ७२.९ | ७३.२ | ७२.९ |
| ऑक्टोबर | ६२.४ | ६१.८ | ६४.१ | ६२.८ |
| नोव्हेंबर | ५५.५ | ५४.४ | ५२.६ | ५४.२ |
| डिसेंबर | ५७.६ | ५४.५ | ५२.७ | ५४.९ |

बारा निर्देशांकांची बेरीज १२०० यायला हवी, कारण सरासरी महिना म्हणजे १००. इथे १२०३.६ येते. पुस्तकातली पुढची पायरी अशी की प्रत्येक निर्देशांकाला १२०० ÷ १२०३.६ ने गुणायचं आणि काम संपवायचं. तसं लगेच करू नका. ही साडेतीनची जास्ती का आली हे तक्ता आडवा वाचला की कळतं, आणि तुमच्या दुकानाची खरी गोष्ट तिथेच आहे.

तक्ता आडवा वाचा

फेब्रुवारी, मार्च, सप्टेंबर पाहा. तीन वर्षांची प्रमाणं एकमेकांना चिकटून आहेत. (फेब्रुवारीचं मधलं ५९.५ जरा वर आहे. २०२४ चा फेब्रुवारी २९ दिवसांचा होता, बराचसा फरक त्याचाच.) आता मे पाहा: ११०, १३४, १९८. हा निर्देशांक नाही, ही तीन वेगवेगळी वर्षं आहेत. अशा तीन आकड्यांची १४७ ही सरासरी कोणत्याच मे महिन्याचं वर्णन करत नाही.

कारण सरळ आहे. मुंबईत मान्सून पोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. २०२३ ला तो २५ जूनला आला, २०२४ ला ९ जूनला, २०२५ ला थेट २६ मे रोजी. छत्रीचा उठाव तारखेवर होत नाही, पहिल्या सरींवर होतो. २०२३ ला जूनमधली गिऱ्हाइकं जुलैत आली, २०२५ ला ती मेमध्येच येऊन गेली. जून तरीही कधी पार कोसळत नाही, कारण शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि दप्तरांची खरेदी पावसाची वाट पाहत नाही.

काही जण अशा वेळी सरासरीऐवजी मधला आकडा घेतात, म्हणजे एखादं विचित्र वर्ष आपोआप गळावं. इथे तो उपाय उलटा पडतो. मेचा मधला १३३.६, जूनचा २६६.२, जुलैचा १७२.६, आणि बाराही मधल्या आकड्यांची बेरीज फक्त ११८०. १२०० मधले वीस कुठे गेले? जूनमधून निघालेली विक्री मे किंवा जुलैत गेली होती. मधल्या आकड्याने जूनची घट ठेवली आणि मे-जुलैची भर फेकून दिली. बेरीज १२०० पासून दहापेक्षा जास्त लांब असेल तर गुणून जुळवू नये. कुठला तरी महिना शेजारच्या महिन्याशी देवाणघेवाण करतो आहे असं समजावं आणि तो शोधावा.

आता तिन्ही महिने एकत्र घ्या. मे, जून, जुलैची मिळून विक्री आणि त्या वर्षाची महिना-सरासरी यांचं प्रमाण: २०२२ ला ११८५ ला १९९.५ ने भागून ५९४, २०२३ ला ५८९, २०२४ ला ५९०, २०२५ ला ५९०. पाऊस महिनाभर इकडेतिकडे झाला तरी हा आकडा हललेला नाही. तुमचा हंगाम पक्का आहे, फक्त त्याची वाटणी पावसाच्या हातात आहे. म्हणून या तीन महिन्यांना एकच सामाईक निर्देशांक द्या: ५९०. यातून आणखी एक गोष्ट पक्की होते. हंगामाची विक्री ११.८५ लाखांवरून १४.१ लाखांवर गेली, पण प्रमाण तेच राहिलं. याचा अर्थ हंगाम धंद्याच्या प्रमाणात वाढतो आणि भागाकार-गुणाकाराची ही पद्धत तुमच्यासाठी योग्य आहे. दरवर्षी ठरावीक रकमेचीच भर पडत असती तर बेरीज-वजाबाकीची पद्धत घ्यावी लागली असती.

डिसेंबरमध्ये पावसाचा चिखल

डिसेंबरची प्रमाणं पाहा: ५७.६, ५४.५, ५२.७. डिसेंबरमध्ये छत्री कोण घेतं? मग हा महिना एवढा का डोलतो? दोष डिसेंबरच्या विक्रीत नाही, तो ज्याने भागलं त्या पातळीत आहे. ही चूक पटकन दिसत नाही, आणि तुमचा प्रश्न नेमका डिसेंबर-जानेवारीचा असल्यामुळे इथे थांबायलाच हवं.

डिसेंबर २०२४ ची पातळी ज्या दोन बेरजांवरून आली त्यांपैकी पहिली जून २०२४ ते मे २०२५ ची आहे, २९१२. तिच्यात २०२४ चा पूर्ण जून-जुलै आहे आणि वर २०२५ चा लवकरच्या पावसाचा मेही आहे. एका वर्षात जणू सव्वा पावसाळा मोजला गेला. पातळी फुगली, प्रमाण बसलं. याउलट जुलै २०२२ ते जून २०२३ ची बेरीज, २३८०. तिच्यातून २०२२ चा जून निघून गेला आणि २०२३ चा लांबलेला जुलै अजून आलेला नाही. पातळी खाली, प्रमाण वर.

बारीक पाहिलं तर हंगाम मधोमध कापणाऱ्या बेरजा दरवर्षी दोनच असतात: जूनला सुरू होणारी आणि जुलैला सुरू होणारी. बाकी दहाही बेरजांत मे-जून-जुलै एकाच वर्षाचे अखंड येतात. त्यामुळे उपाय लहान आहे. या दोन बेरजा खोडा आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या बेरजेमधलं अंतर तीन समान पावलांत वाटा. २०२४-२५ साठी आधीची बेरीज २७४२, नंतरची २८२४, फरक ८२. म्हणून २९१२ च्या जागी २७६९ आणि २८२२ च्या जागी २७९७. डिसेंबर २०२४ ची पातळी (२७६९ + २७९७) ÷ २४ = २३१.९, आणि १२६ चं प्रमाण ५२.७ ऐवजी ५४.३.

२०२२-२३ ला २४३० आणि २४८५ यांच्यामधे २४४८, २४६७ येतात. २०२३-२४ ला २५७० आणि २६५८ यांच्यामधे २५९९, २६२९. या दुरुस्तीने फक्त तीन महिने बदलतात, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी:

नोव्हेंबर ५५.१, ५४.८, ५४.०, सरासरी ५४.६.
डिसेंबर ५६.२, ५६.०, ५४.३, सरासरी ५५.५.
जानेवारी ६२.०, ६१.७, ६२.३, सरासरी ६२.०.

जानेवारीतला अडीचाचा फरक आता ०.६ वर आला. दुरुस्ती बरोबर बसल्याची खूण हीच: तिन्ही प्रमाणं जवळ येतात. ती लांब गेली असती तर दोष दुसरीकडे आहे असं समजायचं.

आता सगळे निर्देशांक एकत्र: जानेवारी ६२.०, फेब्रुवारी ५८.६, मार्च ६५.८, एप्रिल ८२.३, मे-जून-जुलै मिळून ५९०, ऑगस्ट ९५.४, सप्टेंबर ७२.९, ऑक्टोबर ६२.८, नोव्हेंबर ५४.६, डिसेंबर ५५.५. बेरीज ११९९.९. गुणून जुळवायची गरजच उरली नाही. आधीची ३.६ ची जास्ती मुख्यतः कुठून आली होती तेही आता दिसतं: तक्त्यात २०२३ चा भरगच्च जुलै आणि २०२५ चा भरगच्च मे दोन्ही आले होते, पण त्यांची भरपाई करणारा २०२५ चा हलका जुलै आलाच नव्हता.

आकडा दुरुस्त करणं

हंगाम काढून टाकायचा तेव्हा भागायचं, हंगाम घालायचा तेव्हा गुणायचं. या दोन्हींची अदलाबदल ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. ओळखायची खूण: निर्देशांक १०० च्या खाली असेल तर दुरुस्त आकडा मूळ विक्रीपेक्षा मोठा यायला हवा.

डिसेंबर २०२५: १३४ ÷ ०.५५५ = २४१.४
जानेवारी २०२६: १५२ ÷ ०.६२० = २४५.२

वाढ १.६ टक्के. भावाला समजावताना दुसऱ्या बाजूने सांगितलं तर जास्त पटेल: डिसेंबरला १३४ झाले म्हणजे काहीही न वाढता जानेवारीला १३४ × ६२.० ÷ ५५.५, सुमारे १४९.७ व्हायलाच हवे होते. झाले १५२. म्हणजे हंगामापलीकडची कमाई सव्वादोन हजारांची.

या सव्वादोन हजारांवरही फार भार टाकू नका. डिसेंबरचा निर्देशांक तीन वर्षांत ५४.३ ते ५६.२ फिरला आहे. तेवढ्यानेच दुरुस्त डिसेंबर २३८ ते २४७ च्या दरम्यान कुठेही बसतो, आणि जानेवारीचा २४५ त्या पट्ट्याच्या आतच आहे. एका महिन्याच्या फरकावरून धंदा वाढला किंवा नाही असं म्हणता येत नाही, हेच प्रामाणिक उत्तर. मागचे पाच महिने ओळीने पाहिले तर चित्र जास्त खात्रीचं दिसतं: सप्टेंबर २३५.९, ऑक्टोबर २३५.७, नोव्हेंबर २४५.४, डिसेंबर २४१.४, जानेवारी २४५.२. दिशा हळू वर आहे.

मागच्या जानेवारीशी तुलना करायची असेल तर निर्देशांकाची गरज नाही. दोन्ही बाजूंना एकच भाजक, तो उडून जातो. १५२ विरुद्ध १४६, वाढ ४.१ टक्के.

पावसाळ्याचा माल

इथे गुणाकार. आजची पातळी म्हणून शेवटच्या तीन दुरुस्त महिन्यांची सरासरी घ्या, २४४. तिचा मध्य डिसेंबर. तिथून जूनपर्यंत सहा महिने, आणि वर्षाला सहा टक्के म्हणजे सहा महिन्यांत तीन टक्के. २४४ × १.०३ = २५१. पावसाळ्याच्या तीन महिन्यांची अपेक्षित विक्री २५१ × ५.९०, म्हणजे १४ लाख ८० हजारांच्या आसपास. ही विक्रीच्या भावाने आहे. खरेदी किती करायची ते तुमचा नफा वजा करून, आणि गोदामात पडून असलेला मागचा माल वजा करून ठरवा.

एकूण आकड्याची खात्री बऱ्यापैकी आहे. कोणता भाग कधी लागेल याची नाही. म्हणून वाटणीचे तीन साचे वहीत लिहून ठेवा. पाऊस वेळेवर आला तर २०२४ सारखी वाटणी, मे १३४, जून २८९, जुलै १६७: म्हणजे ३.३६ लाख, ७.२५ लाख, ४.१९ लाख. पंधरवडा लांबला तर २०२३ सारखी, ११०, २६६, २१३: २.७६ लाख, ६.६८ लाख, ५.३५ लाख. मेमध्येच आला तर २०२५ सारखी, १९८, २३५ आणि उरलेले जुलैला: मेलाच ४.९७ लाख. पहिल्या आणि शेवटच्या साच्यातला मेचा फरक १ लाख ६१ हजारांचा आहे. तेवढा माल मेच्या मध्यापर्यंत दुकानात किंवा हाताशी असावा. पाऊस लांबला तर तो वाया जात नाही, जुलैत खपतो, फक्त पैसा दोन महिने अडकतो. नसेल तर आलेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं आणि एकदा छत्री घेतली की त्या वर्षी परत येत नाही.

मे, जून किंवा जुलै संपल्यावर त्या एकट्या महिन्याचा आकडा दुरुस्त करून त्यावर मत बनवू नका. मे २०२५ चे ४७० हे १.३४ ने भागले तर ३५१ येतात आणि धंदा दीडपट झाला असं वाटतं. पुढच्याच जूनला ५६० ÷ २.८९ = १९४, म्हणजे बुडाला. दोन्ही खोटं. जुलै संपू द्या, तिन्हींची बेरीज करा: १४१० ÷ ५.९० = २३९. वर्षाच्या २३८.८ या सरासरीला अगदी धरून.

शेजारी साड्यांचं किंवा मिठाईचं दुकान असेल तर तिथे हीच गाठ ऑक्टोबर-नोव्हेंबरची पडते. लक्ष्मीपूजन २०२२ ला २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ ला १२ नोव्हेंबरला. त्यांनी ते दोन महिने एकत्र धरावेत आणि नोव्हेंबरला सुरू होणारी एकच बेरीज खोडून, आधीच्या-नंतरच्या बेरजांची सरासरी तिच्या जागी लिहावी.

२०२६ चे बारा महिने पूर्ण झाले की वहीत बारा ओळी वाढवा. जुलै ते डिसेंबर २०२५ आणि जानेवारी ते जून २०२६ ची प्रमाणं तेव्हाच मिळतील. जूनला आणि जुलैला सुरू होणाऱ्या दोन बेरजा त्याही वर्षी आधी खोडा, मग भागाकाराला बसा.